मदत हवी आहे: शेळीगटासाठी गावसभेत बोलायचं आहे, सगळा भर बोकडावर द्यावा का?

कोवळं_ऊन

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सभेत शेळीगटावर बोलायला मला दहा मिनिटं मिळाली आहेत. समोर बारा घरं असतील, सगळ्यांच्या मिळून ४८ शेळ्या. पैदाशीचा बोकड एकाच्याही दावणीला नाही. चरायला गेल्यावर कळपातलं जे नर करडू थोराड असेल त्याच्याकडूनच शेळ्या गाभण राहतात. करडं दर पिढीला बारीक होत चालली आहेत.

बचत, कर्ज, विमा, बाजार असं सगळं बोलायला गेलो तर लोक उठून जातील. म्हणून एकच मुद्दा धरला आहे. मसुदा असा:

"आपल्या ४८ शेळ्यांना दोन चांगले बोकड पुरतात. पण तीन-चार शेळ्यांचं घर एकट्याने बोकड पोसू शकत नाही. त्याला बारा महिने खुराक लागतो आणि काम मोजके दिवस. म्हणून कुणीच बोकड ठेवत नाही आणि भाऊ-बहीण, बाप-लेक असा मेळ होत राहतो. करडं हलकी निपजतात, त्यातली बरीच दूध पितानाच दगावतात. गट करायचा तो या बोकडासाठी. शेळ्या ज्याच्या त्याच्याच, गोठा ज्याचा त्याचाच. सामाईक फक्त दोन बोकड आणि एक वही."

बोकडांचं गणित बरोबर आहे का? खर्च कसा वाटावा? आणि लोक कुठे अडवतील?

दगडीवाडा

मुद्दा चांगला आहे, पण अर्धवट आहे. गट करायचाच तर सगळ्या शेळ्या एका मोठ्या गोठ्यात आणा आणि दोन राखणदार ठेवा. बाकीची माणसं कामाला मोकळी होतील. बोकडही मग एकच पुरे. दर दोन वर्षांनी तो बदलला की नात्यातल्या मेळाचा प्रश्नच येत नाही.

पशुसखा

दगडीवाडा, दोन वर्षांनी बोकड बाहेर काढायचा हे बरोबर. पण तेवढ्याने भागत नाही. बोकड आला की पाच महिन्यांनी त्याची पहिली करडं होतात. त्यातल्या पाठी, म्हणजे मादी करडं, सात-आठ महिन्यांच्या झाल्या की माजावर येऊ लागतात. म्हणजे बोकड आल्यापासून वर्षभरातच त्याच्या लेकी त्याच्यासमोर उभ्या राहतात. दोन वर्षं थांबलात तर मधलं सगळं एक वर्ष बाप-लेकीचा मेळ चालू राहतो.

कोवळं_ऊन, तुमच्याकडे दोन बोकड असणार, म्हणून यावर उपाय सोपा आहे. सहा-सहा घरांचे दोन भाग करा, प्रत्येकात साधारण २४ शेळ्या. पहिला बोकड वरच्या आळीला, दुसरा खालच्या. वर्ष झालं की अदलाबदल. पहिल्याच्या लेकी वरच्या आळीत राहिल्या आणि तो खाली गेला, त्यामुळे गाठ पडत नाही. दुसरं वर्ष संपेपर्यंत खालच्या आळीतही त्याच्या लेकी माजावर यायला लागतात. तेव्हा दोघांनाही विकून नवे आणायचे, तेही बाहेरच्या कळपातून. दोन्ही बोकड एकाच कळपातले, एकाच बापाचे घेतले तर ही सगळी खटपट वाया जाते. खरेदीच्या वेळी हे विचारायला लोक विसरतात.

एक बोकड २० ते २५ शेळ्यांना पुरतो, पण माज विखुरलेला असेल तेव्हाच. पावसाळ्यानंतर हिरवा चारा पोटात गेला की बऱ्याच शेळ्या एकाच पंधरवड्यात माजावर येतात. दिवसाला दोनदाच्या वर उडवला की बोकड थकतो आणि शेळ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. ४८ ला एक म्हणूनच नको.

एकत्र गोठ्याचं सांगायचं तर आजार एका रात्रीत सगळ्यांत पसरतो आणि मेलेलं करडू कुणाचं यावरून भांडणं लागतात. धागाकर्त्याने शेळ्या ज्याच्या त्याच्याकडे ठेवल्या आहेत, ते योग्यच आहे.

पण मसुद्यात सर्वांत मोठी फट वेगळीच आहे. नर करडं चार-पाच महिन्यांची झाली की शेळी गाभण करू शकतात. उद्या उत्तम बोकड आणलात आणि करडं मोकळीच फिरत राहिली, तर शेळी बोकडापर्यंत पोचायच्या आधीच रानात गाभण राहील. वर्षभराने लोक म्हणतील, बोकड आणून काय फरक पडला? त्यामुळे गटाचा पहिला ठराव बोकड खरेदीचा नको. तिसरा महिना संपायच्या आत नर करडू खच्ची करायचं, नाहीतर कळपाबाहेर बांधून वाढवायचं, असा हवा. बोकड त्यानंतर.

कोवळं_ऊन

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण इथेच लोक अडवतील. काही गिऱ्हाईकं खच्ची न केलेल्या नराला जास्त भाव देतात. आणि बांधून वाढवायचं तर चारा कापून आणावा लागतो, तेवढी माणसं प्रत्येक घरात नाहीत.

पशुसखा

अडवतील, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. काही ठिकाणी नराच्या पोटाखाली जाड कापडाची झालर बांधून कळपात सोडतात. ती सरकते, ओली राहिली की कातडी सोलवटते, रोज बघावी लागते. दोन-चार नरांपुरतं जमतं, वीस नरांना नाही. यावर गटानेच बसून ठरवायला हवं, बाहेरून सांगून होणार नाही.

सुगरण_आजी

खर्च वाटताना एक काळजी घ्या. शेळी दाखवायला आणली की दर वेळी पैसे, असा नियम बहुतेक गट करतात. तिथेच गट मोडतो. हातात पैसे नसलेलं घर बोकडाकडे येतच नाही, रानातल्या फुकटच्या नरावर भागवतं. शिवाय बोकड सांभाळणाऱ्याला जास्त शेळ्या घ्याव्याशा वाटतात.

त्याऐवजी शेळीमागे धान्य घ्या. बोकडाला चाऱ्याशिवाय रोज साधारण ३०० ग्रॅम खुराक धरा. दोघांचा महिन्याचा झाला १८ किलो. ४८ शेळ्यांत वाटला तर शेळीमागे ३७५ ग्रॅम. चार शेळ्यांच्या घराने महिन्याला दीड किलो भरडा द्यायचा. सभेत नुसतं "वर्गणी" म्हणण्यापेक्षा दीड किलोचं माप भरून समोर ठेवा, लोकांना लगेच कळतं. मोसमात बोकडाचं काम वाढलं की खुराक वाढवावा लागतो, तेवढं जास्तीचं आधीच बोलून ठेवा.

आणि सभेला बायकांना आवर्जून बोलवा. शेळी माजावर आली हे आधी त्यांना दिसतं. वहीत नाव पुरुषाचं आणि शेळी बघणारी दुसरीच, असं झालं की नोंदी होत नाहीत.

पाणंद

माझ्या दोन शेळ्या चौथ्या महिन्यात गाभडल्या. शेजारच्या गावातल्या बोकडाला दाखवल्या होत्या. दोघींना परत कधी दाखवू? आणि कोणतं टॉनिक द्यावं?

पशुसखा

ताई/दादा, टॉनिकचा विषय नंतर. आधी त्या दोघींना कुठल्याही बोकडाकडे नेऊ नका. एकामागून एक दोन शेळ्या उशिराच्या महिन्यात गाभडल्या तर ब्रुसेला या संसर्गजन्य आजाराचा संशय धरायचा आणि रक्त तपासून घ्यायचं. मार, बुरशी आलेला चारा, इतर संसर्ग अशी कारणंही असतात, पण ती नजरेने ओळखता येत नाहीत. पडलेलं करडू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. हा आजार माणसालाही होतो. गरोदर बाईने तिकडे जाऊ नये आणि दूध उकळल्याशिवाय घेऊ नये.

कोवळं_ऊन, तुमच्यासाठीही हे कामाचं आहे. सामाईक बोकड म्हणजे बारा गोठ्यांना जोडणारा रस्ता. खरेदीआधी दोघांची ब्रुसेलाची तपासणी करा आणि आणल्यावर २१ दिवस वेगळे बांधा. गाभडलेली शेळी तपासणीशिवाय बोकडाकडे आणायची नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कोवळं_ऊन

बोकड कळपाबरोबर सोडायचा की बांधून ठेवायचा? दोन्ही आळ्यांच्या शेळ्या एकाच रानात चरतात.

पशुसखा

मग बांधूनच ठेवा, नाहीतर आळ्यांची वाटणी कागदावरच राहील. शेळी त्याच्याकडे न्यायची. ती सारखी शेपटी हलवते, ओरडते, दुसरीवर उडते, खाणं कमी करते, मागून पातळ चिकट स्राव दिसतो. सकाळी दिसलं तर संध्याकाळी न्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. कोवळी पाठ पहिल्या माजाला दाखवू नका. मोठ्या शेळीच्या दोन-तृतीयांश वजनाची होऊ द्या, नाहीतर विताना अडते.

वहीत पाच रकाने पुरे: शेळीचा बिल्ला, दाखवल्याची तारीख, बोकड कोणता, २१ दिवसांनी उलटली का, कधी व्याली. दाखवल्यापासून १५० दिवसांच्या आसपास विण्याची तारीख येते. चौथा रकाना बोकडाची तब्येत सांगतो. दहा शेळ्यांतल्या चार-पाच उलटल्या तर आधी बोकडावर संशय घ्या. त्याला ताप येऊन गेला असेल, तर तो वरून ठणठणीत दिसला तरी दीड-दोन महिने त्याच्याकडून शेळ्या नीट गाभण राहत नाहीत. तेवढे दिवस दुसऱ्या आळीच्या बोकडावर भागवा. मात्र पहिल्या वर्षानंतर वही न बघता असं करू नका, लेक समोर येऊ शकते.

दगडीवाडा

एकत्र गोठ्याचं माझं म्हणणं मागे घेतो. पण बोकड मेला तर? ज्याच्या दारात बांधला त्याच्यावरच सगळे येतील. त्या भीतीने कुणी सांभाळायला तयार होणार नाही.

सुगरण_आजी

खरा प्रश्न आहे. काही गट बोकडाचा विमा उतरवतात, पण त्यासाठी बिल्ला आणि डॉक्टरांचा दाखला लागतो आणि उशिरा कळवलं तर दावा अडतो. सांभाळणाऱ्या घराला धान्य माफ आणि बोकडाच्या लेंड्यांचं खत त्याचंच, एवढं बहुतेक ठिकाणी चालतं. नुकसान कुणाचं हे बोकड आणायच्या आधी सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवा. नंतर कुणी सही करत नाही.

कोवळं_ऊन

मसुदा बदलला. सुरुवात आता अशी:

"बोकड आणायच्या आधी आपल्याला एक ठरवायचं आहे. तीन महिन्यांवरचं, खच्ची न केलेलं एकही नर करडू रानात मोकळं सोडायचं नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आत्ताच सांगा, कारण एका घराने मोडलं तरी बाकी अकरांचा खर्च वाया जातो. हे ठरलं तर पुढे दीड किलो धान्याचं बोलू."

दीड किलोचं माप समोर ठेवणार आहे. भाव जास्त मिळतो म्हणून नर खच्ची न करणाऱ्या तीन घरांचं काय करायचं, ते अजून सुटलेलं नाही. त्यांना गटाबाहेर ठेवलं तरी रान तेच राहणार. कुणी चराईच्या वेळा वाटून बघितल्या आहेत का?

पशुसखा

सकाळ-संध्याकाळ वाटून चालतं, पण पाण्याची जागाही वेगळी हवी. कळप एकमेकांत मिसळतात ते पाण्यावरच. त्या तीन घरांना सभेआधी घरी जाऊन भेटा. सगळ्यांसमोर त्यांना विचारलंत तर नाहीच म्हणतील.