नाचणी सत्त्वानंतर बाळाला खडे होतायत: वरचं बंद करावं, गुटी द्यावी की ताट बदलावं?

अनघा (मिरज): मुलगी सात महिन्यांची. अंगावरचं दूध चालू आहे. उष्टावणानंतर सकाळ-संध्याकाळ नाचणी सत्त्व, दुपारी मऊ भाताची पेज, मधल्या वेळी केळं. आता तीन-चार दिवसांनी शी होते तीही लेंड्यांसारखी, कुथताना लालबुंद होऊन रडते. काल शीवर लाल रेघ दिसली. सासूबाई म्हणतात गुटीत हिरडा वाढव, नवरा म्हणतो वरचं बंद कर. टोमॅटोचं सार चाटवलं तेव्हा हनुवटी लाल झाली, ते वेगळंच. काय करू?

प्रसाद: तुमच्या मिस्टरांचं पटतं. आतड्यांना अजून सवय नाही, आठवडाभर फक्त दूध द्या. आमच्या मुलाची शी आठवडाभर व्हायची नाही, डॉक्टर म्हणाले अंगावरच्या दुधावर असं चालतं. रोज झालीच पाहिजे हा हट्ट सोडा.

सुलभाताई: आठवडाभर उपाशी ठेवायचं लेकराला? हिरड्याचे वळसे वाढवा, दुसऱ्या दिवशी मोकळं होतं. आमच्या घरात सगळी मुलं गुटीवर वाढली. अगदीच अडलं तर चमचाभर एरंडेल.

वैशाली कु.: मी बरीच वर्षं बालरुग्ण विभागात परिचारिका होते, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रसाद, रोज शी व्हायलाच हवी असं नाही, हे बरोबर. पण तुमच्या मुलाची शी आठवड्याने झाली तरी मऊ होती, हिची कडक आहे. दिवस मोजण्यापेक्षा शी कशी आहे ते बघायचं. मऊ शी करतानाही लहान बाळं कुथतात, त्याला मलावरोध म्हणत नाहीत. लेंड्या आणि वरून लाल रेघ म्हणजे कडक शीने गुदाच्या कडेला चीर पडली असावी. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

वरचं मात्र बंद करू नका. जन्मतः साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतं आणि दुधातून ते पुरेसं मिळत नाही. शिवाय पुन्हा सुरू कराल तेव्हा तीच ताटली दिली तर तेच होणार. बिघाड ताटलीत आहे. सत्त्व करताना आपण नाचणी भिजवून, वाटून फडक्यातून गाळतो, म्हणजे कोंडा फडक्यात राहतो आणि उरतो नुसता पिठूळ भाग. पेजेतही तेच, आणि केळं थोडं कच्चट असलं तर तेही घट्ट करतं. दिवसभरात डाळ नाही, भाजी नाही, तूप नाही.

मी असं करेन. सत्त्व एकाच वेळी, तेही न गाळता: मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ नुसतं चाळून घ्यायचं. दुपारी दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ यांची मऊ खिचडी, त्यात दुधी, लाल भोपळा किंवा पालक घोटून आणि वर लहान चमचा तूप. केळ्याऐवजी सध्या पिकलेली पपई, पेअर किंवा आलुबुखार, दोन-तीन चमचे. पाच-सहा काळ्या मनुका रात्री भिजवून, कुस्करून, गाळणीतून काढून तो गर द्या. अख्खी मनुका घशात अडकते. जेवताना वाटीतून पाण्याचे घोट, दिवसभरात अर्धा कप पुरे. त्याहून जास्त पाजलं तर पोट पाण्याने भरतं आणि दूध कमी पितं.

तीन-चार दिवसांत फरक दिसायला लागेल. दोन आठवड्यांतही शी कडकच राहिली तर डॉक्टर शी मऊ करणारं औषध लिहून देतात.

सुलभाताई: ताटली बदला, मी नाही म्हणत नाही. पण हिरडा पोट साफ करतो हे आयुर्वेदातही आहेच ना?

वैशाली कु.: ताई, हिरड्याचा गुण मी नाकारत नाही. पण गुटीच्या पेटीत हिरड्याबरोबर जायफळ आणि मायफळही असतं. मायफळ तुरट, ते जुलाब थांबवायला उगाळतात. म्हणजे एकाच सहाणेवर एक मोकळं करणारं आणि एक बांधणारं. आणि वळसा कितीसा? हात जड असला की औषध दुप्पट. गुटी मधात चाटवत असाल तर ती आजच थांबवा. वर्षाच्या आत मध नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे होणाऱ्या आजाराची सुरुवातच पुष्कळदा मलावरोधाने होते, मग पापण्या जड होतात, रडणं क्षीण होतं, बाळ नीट ओढत नाही. एरंडेल तर नकोच, त्याने मुरडा येतो आणि शरीरातलं पाणी जातं.

सुलभाताई: आम्ही मध कधीच वापरला नाही, आईच्या दुधात उगाळतो. आणि शी घट्ट असेल तेव्हा मायफळाला हात लावत नाही. जाणती बाई बघूनच उगाळते.

वैशाली कु.: तुम्ही बघून उगाळता, ते मान्य. प्रत्येक घरात तसं होत नाही आणि कमीजास्त मोजायचं साधन नाही, म्हणून माझा नकार कायम आहे.

मृण्मयी: सफरचंद वाफवून द्या, आमच्याकडे त्यानेच पोट जागेवर आलं. मुलाला जुलाब होते, बूड सोलून निघालं होतं. आणि अंडं दिल्यावर अंगभर गांधी उठल्या, तेव्हापासून वर्षाचा होईपर्यंत अंडं, शेंगदाणे सगळं बंद. अनघा, तूही टोमॅटो बंद कर.

वैशाली कु.: मृण्मयी, तुमचं उलट आहे. वाफवलेलं सफरचंद शी घट्ट करायला उपयोगी पडतं. अनघाला ते सध्या नको. जुलाबांत मुख्य काळजी पाण्याची: प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली ओआरएस, चमच्याने, आणि दूध-जेवण चालू. झिंक डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. बूड कोमट पाण्याने धुऊन, टिपून, थोडा वेळ उघडं ठेवायचं आणि वर झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावायचं.

अनघा, टोमॅटोने लाल झालेली हनुवटी आणि या गांधी एक नव्हेत. आंबट पदार्थ त्वचेवर सांडतो तिथेच लाली येते, पुसल्यावर थोड्या वेळात जाते. खाण्याआधी ओठांभोवती व्हॅसलीन लावा, टोमॅटो सोडायची गरज नाही. खाल्ल्यापासून दोनेक तासांत अंगावर कुठेही फुगीर, खाजऱ्या गांधी उठल्या तर ती अॅलर्जी असू शकते. ओठ सुजले, सारखी उलटी झाली किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना.

मृण्मयी, तुमच्या मुलाला अंडं घरी पुन्हा देऊन बघू नका, आधी डॉक्टरांना विचारा. पण शेंगदाणे कधी दिलेच नसताना घाबरून लांबवणं बरं नव्हे. लंडनमधल्या २०१५ सालच्या अभ्यासात लवकर शेंगदाणा सुरू केलेल्या मुलांत त्याची अॅलर्जी खूपच कमी आढळली. अंड्याची अॅलर्जी असलेल्यांना मात्र तो आधी तपासून देतात, म्हणून दोन्ही एकाच भेटीत विचारा. दिला तर बारीक कूट किंवा पातळ पेस्ट, दाणा नाही.

मृण्मयी: आमचे डॉक्टर म्हणाले होते वर्षापर्यंत थांबा. आता कोणाचं ऐकायचं?

प्रसाद: हेच तर. दर पाच वर्षांनी सल्ला बदलतो. लोहाचा मुद्दा पटला, पण आठवडाभर थांबल्याने काय बिघडतं ते नाही कळलं.

वैशाली कु.: मृण्मयी, जुना सल्ला तसाच होता. तुमच्या मुलाला आधीच गांधी उठल्यात, म्हणून तुमच्या डॉक्टरांनाच पुन्हा विचारा, धाग्यावरून ठरवू नका. प्रसाद, एका आठवड्याने लोह घसरणार नाही, पण भाजी-डाळीची चव लावायचे हेच दिवस आहेत.

अनघा: खिचडी-पपईने शी मऊ झाली. पण शी येतेय असं वाटलं की ती अंग ताठ करते, रडते आणि रोखून धरते. सासूबाईंनी हिरडा थांबवलेला नाही.

वैशाली कु.: चीर भरायला वेळ लागतो, तोवर दुखण्याच्या आठवणीने मुलं शी अडवतात. खिचडी आणि फळ तसंच ठेवा. कोमट पाण्यात बसवा, नंतर बाहेरून व्हॅसलीन. पाठीवर झोपवून गुडघे पोटाकडे दुमडा. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, किंवा रक्त वरून रेघेसारखं न येता शीत मिसळलेलं दिसलं तर वाट बघू नका. आणि जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली होती ना? नसेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अनघा: पहिल्याच दिवशी झाली होती. डॉक्टरांची वेळ उद्याची घेतली आहे, हिरड्याचंही त्यांनाच विचारते, सासूबाईंना बरोबर नेऊन.

सुलभाताई: विचार. पण काय उगाळता, किती उगाळता ते त्यांना नीट सांग. नुसतं गुटी म्हटलं की ते पुढचं ऐकत नाहीत.