तीन देवांचं कोडं: पहिला प्रश्न खरंच वाया जातो का?

त्रिकोण: अ, ब, क हे तीन देव: एक नेहमी खरं बोलणारा खरा, एक नेहमी खोटं बोलणारा खोटा आणि एक मनाला येईल ते बोलणारा लहरी. हो-नाहीची उत्तरं ते 'दा'-'जा' अशी देतात, पण कशाचा अर्थ काय ते ठाऊक नाही. एका वेळी एकाच देवाला विचारून कोण कोणता ते ओळखायचं, प्रश्न तीनच. पहिला प्रश्न लहरीच्या वाट्याला गेला की तो फुकट. उरले दोन, म्हणजे उत्तरांच्या जोड्या चार, आणि देवांचे क्रम सहा. हे सुटणं अशक्य आहे, लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय.

शैलजा: हिशेब अर्धाच केलात. ब ला विचारा, "'अ लहरी आहे का?' असं विचारलं तर तू 'जा' म्हणशील का?" ब खरा असो वा खोटा, 'जा'चा अर्थ हो असो वा नाही, अ लहरी असेल तरच 'जा' येतो. म्हणजे 'जा' आला की लहरी अ तरी आहे नाहीतर ब तरी. क नक्की लहरी नाही! 'दा' आला तर अ नक्की लहरी नाही. सहापैकी चार क्रम उरतात आणि दोन प्रश्नांना चारच पुरतात. वाया काय गेलं?

त्रिकोण: पण ब लहरी असेल तर त्याच्या उत्तराला काडीची किंमत नाही. कोरडे नियम नकोत, करून दाखवा.

शैलजा: घ्या. ब लहरी, अ खरा, क खोटा, 'दा' म्हणजे हो. ब ने लहरीत 'जा' म्हटलं, म्हणून मी क कडे गेले. "'तू खरा का?' असं विचारलं तर 'जा' म्हणशील?" आतल्या प्रश्नाला तो खोटंच 'दा' म्हणाला असता. म्हणजे बाहेरचं खरं उत्तर 'नाही'. तो त्यावरही खोटं बोलून 'दा' म्हणतो. दोन खोटी एकमेकांना खातात, क खोटा ठरला. तिसऱ्यांदा, ब लहरी का, हे क लाच तसंच विचारलं. 'जा'. संपलं.

माधव: मला हे नोकरीच्या मुलाखतीत विचारलं होतं. मी म्हटलं, लहरी म्हणजे कसा ते आधी सांगा. समोरचा चिडला आणि मला काढलं. शंका विचारणं गुन्हा आहे का?

शैलजा: तुमची शंका रास्तच होती. हे कोडं मांडणाऱ्या तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलोसच्या १९९६च्या लेखात लहरीच्या डोक्यात नाणं उडतं: छापा आला तर खरं बोलतो, काटा आला तर खोटं. मग त्या क्षणी तो खरा किंवा खोटाच, आणि आत बसवलेला प्रश्न त्यालाही पकडतो! २००८मध्ये हे दाखवून दिलं गेलं. म्हणून नाण्याने थेट 'दा' की 'जा' ठरवावं, अशी दुरुस्ती सुचवली गेली.

माधव: पण आतल्या प्रश्नासाठी नाणं वेगळं उडलं तर?

शैलजा: म्हणूनच प्रश्नात "आत्ता याच मनःस्थितीत" घालतात.

माधव: ती पळवाट झाली. प्रत्येक प्रश्नाला नवं नाणं, असंच मी वाचतो.

त्रिकोण: नाण्याचं तुम्ही दोघं मिटवा. चार क्रम उरतात, ठीक आहे, मान्य. पण 'अशक्य' म्हणणाऱ्याला मूर्ख समजू नका. ब लहरी असलेले दोन्ही क्रम 'दा' आणि 'जा' अशा दोन्ही उत्तरांत मोजायचे, हे कुणी आधी सांगतच नाही.

शैलजा: मूर्ख कुणी म्हटलं? अशक्य म्हणण्याआधी कागद घ्या, एवढंच म्हणणं आहे.