व्यायामाआधीची कॉफी आणि छातीतली धडधड: डीकॅफ घ्यावी की सवय होऊ द्यावी?

पहाटगामी: वय २९, वजन ५२ किलो. सहाच्या जिमआधी उपाशीपोटी एक कप इन्स्टंट कॉफी आणि प्री-वर्कआउटचा एक स्कूप घेते. डब्यावर २०० मिलिग्रॅम कॅफीन लिहिलंय. नऊ वाजता ऑफिसात नुसती बसलेली असते तरी छाती धडधडते, हात थरथरतात, काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. डीकॅफवर जाऊ का?

लोखंडवाला_गडी: घाबरू नका. दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तुम्ही त्याच्या बऱ्याच आत आहात. दोन आठवड्यांत सवय होते. डीकॅफ पिऊन स्क्वॉटला जोर येत नाही, स्वानुभव आहे.

औषधवाली: दादा, ४०० हा आकडा निरोगी प्रौढांच्या अख्ख्या दिवसाचा आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली तो दिला, तेव्हाच एका वेळची मर्यादा साधारण २०० ठेवली. इथे स्कूपचे २०० आणि कॉफीचे साठेक असे २६० एकदम पोटात जातात, म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅम. निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून नऊलाही बरंचसं अंगात असतं. ताई, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? त्यांच्यामुळे हा वेळ दुपटीच्या आसपास जातो.

पहाटगामी: हो, चार महिन्यांपासून. धडधडही साधारण तेव्हापासूनच आहे! जिममध्ये कुणी हे विचारलंच नाही.

औषधवाली: गोळ्या मनाने बंद करू नका. आधी स्कूप सोडा, काहीतरी खाऊन कॉफी अर्धा कप घ्या. आठवडाभर धडधड कधी होते ते लिहून ठेवा. कॅफीन एकदम तोडलंत तर दोन-तीन दिवस डोकं दुखेल. अर्ध्या कपानेही जीव घाबरा होत असेल तर डीकॅफ घ्या. तुमच्यासाठी दिवसाला १०० सुद्धा जास्त असू शकतात, ते अंगच सांगेल.

सांजवेळ: डीकॅफने माझी ॲसिडिटी काही गेली नाही. उगाच महाग.

औषधवाली: ॲसिडिटीचं वेगळं, काहींना डीकॅफही सोसत नाही. इथे प्रश्न कॅफीनचा आहे, आणि डीकॅफच्या कपात ते थोडंच उरतं, पाच-दहा मिलिग्रॅमच्या घरात.

लोखंडवाला_गडी: गोळ्यांचं माहीत नव्हतं, मान्य. पण सवय होते हे खोटं नाही, माझी झाली.

औषधवाली: थरथर कमी होते, सगळ्यांची सारखी नाही. मुळात चिंतेचा त्रास असलेल्याला ही धडधडच भीतीला खतपाणी घालते. आणि ताई, व्यायाम करतानाच छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ठोके वेडेवाकडे पडले, तर कॉफीवर ढकलू नका. व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ईसीजी काढा.

पहाटगामी: चक्कर नाही येत. उद्या स्कूप न घेता जाते. जोर कमी पडला तर इथेच लिहीन.