नंबर बिलासाठी दिला होता, प्लॉटवाल्यांचे फोन का येतात?

गोदाकाठची: गेल्या महिन्यात कॉलेज रोडवरच्या एका दुकानात साडी घेतली. "नंबर सांगा, बिल मेसेजवर येईल" म्हणाले, मी सांगितला. आता दुकानाच्या ऑफर येतात आणि त्र्यंबक रोडच्या प्लॉटवाल्यांचे फोनही. बिलावर माझं आडनाव चुकीचं पडलं होतं, प्लॉटवाली बाई त्याच चुकीच्या आडनावाने हाक मारते. पण नंबर मीच दिला ना? मग तक्रारीचा हक्क उरतो का?

मेनरोडवाला: ताई, माझंही कापडाचं दुकान आहे म्हणून बोलतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातच आहे की गिऱ्हाइकाने आपणहून दिलेली माहिती वापरता येते. तुम्ही नंबर दिलात, संमती झाली. प्लॉटवाल्याला यादी देणं मलाही पटत नाही, पण आपल्याच गिऱ्हाइकाला दिवाळीची ऑफर कळवली तर काय बिघडलं? आजोबा पोस्टकार्डं टाकायचे.

सातपूरकर: ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि १९०९ वर डीएनडी लावा, फोन बंद होतील.

नियमवाचक: सातपूरकर, ओटीपीचा प्रश्नच नाही इथे. डीएनडी जरूर लावावा, पण त्याने यादीतून नाव जात नाही.

दादा, तुम्ही म्हणता ते कलम खरं आहे, पण ते अर्धंच वाचलंत. आपणहून दिलेली माहिती ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी वापरता येते. कायद्यातलं उदाहरण ताईंच्या प्रसंगासारखंच आहे: एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणते. दुकानदाराने नंबर त्या पोचीसाठी वापरावा, इतकंच तिथे लिहिलंय. बिल पोचलं की ते काम संपलं.

ऑफर हे दुसरं काम, त्याला वेगळी संमती लागते. ती मागताना कोणती माहिती, कशासाठी, आणि नको झाल्यास थांबवायचं कसं, हे आधी सांगावं लागतं. ही सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे. गिऱ्हाईक गप्प राहिलं म्हणजे हो म्हणालं, असं धरता येत नाही. आणि वाद झाला तर संमती घेतली होती हे दुकानाने दाखवायचं, ताईंनी नव्हे.

मेनरोडवाला: काउंटरवर एक पोरगा, लग्नसराईत पन्नास माणसं रांगेत. तो सूचना वाचून दाखवणार?

नियमवाचक: वाचून दाखवायला नको. काउंटरवर मराठीत पाटी लावा आणि पोराला एकच प्रश्न शिकवा: "बिल पाठवतो, ऑफरही पाठवू का?" उत्तराची खूण बिलाच्या नोंदीतच करून ठेवा. नको म्हणणाऱ्यालाही बिल मिळालंच पाहिजे. नंबर दिल्याशिवाय बिल नाही असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, हे ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच कळवलं होतं.

इंदिरानगरची: आमच्या सोसायटीच्या गेटवर वहीत नाव, नंबर, गाडी सगळं लिहून घेतात. मोलकरणीचाही नंबर, कुणीही पान उलटून बघावं. त्याचं काय?

नियमवाचक: कागदावरच राहिलेली वही या कायद्यात येत नाही. तीच माहिती संगणकात किंवा अ‍ॅपमध्ये भरली की येते. मला ही मोठी उणीव वाटते, कारण उघडी वही कुणीही वाचतो.

मेनरोडवाला: माझ्याकडे जुनी चार हजार नंबरांची यादी आहे. ती फेकायची?

नियमवाचक: त्यातल्या ज्यांनी ऑफरसाठी खरोखर होकार दिला होता, त्यांना नव्या पद्धतीची सूचना पाठवा, ते नको म्हणेपर्यंत चालू ठेवता येईल. नुसते बिलातून उचललेले नंबर मी तरी ठेवणार नाही.

मेनरोडवाला: चार वर्षं येणारं गिऱ्हाईक आणि एकदाच आलेलं, दोघांना एकाच मापाने मोजणं मला अजून पटत नाही. बायका स्वतः विचारतात, सेल कधी म्हणून.

गोदाकाठची: मी विचारलं तर मी हो म्हटलंच की, दादा. मला कुणी विचारलंच नाही. काल दुकानात जाऊन आले. म्हणाले, मेसेज आम्ही पाठवत नाही, बिलाचं सॉफ्टवेअर देणारी कंपनी पाठवते, तिला विचारा.

नियमवाचक: तसं चालत नाही. दुकानाने काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी दुकानाचीच. अडचण वेगळी आहे: नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण दुकानांवरची ही बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. तोवर या कायद्याखाली त्यांना दंड करवता येणार नाही. तरी लेखी द्या: नंबर कुणाला दिला ते सांगा, ऑफर थांबवा, नोंद पुसा. कराचा हिशेब चोख ठेवण्यासाठी बिलाची प्रत ते ठेवू शकतात, ऑफरच्या यादीत नाव ठेवायचं कारण नाही. चुकीच्या आडनावाचं बिल आणि प्लॉटवाल्यांच्या फोनची तारीख-वेळ सोबत जोडा. आडनावाची ती चूक तुमच्या बाजूने बोलते.

गोदाकाठची: बिल सापडलं. उद्या अर्ज देऊन पोच घेते. प्लॉटवालीला आडनाव सांगून दुरुस्त करणार होते, आता नाही करत.