मदत हवी आहे: जुन्या विक्रीवरून किमतीचा परिणाम एक्सेलमध्ये कसा मोजावा?

माझ्या छोट्या दुकानातील एका वस्तूची 104 आठवड्यांची नोंद माझ्याकडे असून त्या काळात तिची किंमत फक्त तीनदा बदलली. किंमत आणि विकलेले नग या दोहोंचे लॉगरिदम घेऊन `SLOPE` लावल्यावर उत्तर -0.4 आले, म्हणजे किंमत 1 टक्का वाढली तर विक्री साधारण 0.4 टक्का घटते. अनुभवाला हे पटले नाही. नोंदी पुन्हा चाळल्यावर दिसले की स्वस्ताईच्या 11 आठवड्यांत माल मध्येच संपला होता, त्यामुळे तिथे मागणी नव्हे, शिल्लक साठाच मोजला गेला. ते आठवडे फिल्टरने लपवून उपयोग झाला नाही, कारण `SLOPE` लपवलेल्या ओळीही धरतो. उरलेले 93 आठवडे वेगळ्या शीटवर घेतल्यावर उत्तर -1.3 झाले.

आता हंगामासाठी 0 किंवा 1 असा स्तंभ जोडून पुढील सूत्र वापरत आहे. त्यात E मध्ये नगांचा लॉग, F मध्ये किमतीचा लॉग आणि G मध्ये हंगाम आहे.

```
=LINEST(E2:E94,F2:G94,TRUE,TRUE)
```

उत्तरात गुणक उलट क्रमाने येतात, हे ध्यानात घेतले आहे. मात्र किमतीचे टप्पे चारच असताना 93 ओळींवरून काढलेल्या प्रमाण त्रुटीवर कितपत विसंबावे, आणि माल संपलेले आठवडे वगळण्याऐवजी त्यांतील विक्री साठा असलेल्या दिवसांच्या सरासरीवरून भरणे योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.