काड्या पूर्ण, तरी पान उघडेना

> मालवणात होमस्टे आहे. वायफायच्या काड्या पूर्ण, पण संध्याकाळी पान उघडतच नाही.

काड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. शेजारचे राउटर तुमच्याच चॅनलवर असतील तर सगळ्यांना पाळीपाळीने बोलावं लागतं, आणि संध्याकाळी पाहुणे परतले की गर्दी होते. आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून बघा. तिथेही हळू चाललं तर दोष इंटरनेटच्या लाइनचा. केबलवर वेग नीट असेल तर फोन वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर न्या. मात्र चिऱ्याच्या जाड भिंतीतून त्याचा सिग्नल फार पुढे जात नाही, म्हणून राउटर टीव्हीमागून काढून माजघरात उंचावर ठेवाच. लांबच्या खोल्यांना २.४ गिगाहर्ट्झ राहू दे, पण राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा चॅनल आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा.