निकोटीनची लस येईल तेव्हा येईल, तोवर खर्र्याचं काय?

वणीकर: माझा लहान भाऊ 27 वर्षांचा आहे, दिवसाला तंबाखू-सुपारीचे सहा-सात खर्रे खातो. वाचलं की निकोटीनवर लस निघते आहे, टोचली की तंबाखूचा कैफच चढत नाही. कधी येणार? सरकारनं गोळ्या आणि समुपदेशनापेक्षा या लसीवरच पैसा लावावा, असं माझं ठाम मत आहे. गोळी माणूस चुकवतो, टोचलेली लस कशी चुकवेल?

अमरावतीची फार्माकॉलॉजीवाली: दादा, लस चुकवता येत नाही हे बरोबर, पण ती पुरी पडत नाही. नॅबी कंपनीची निकव्हॅक्स ही लस शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचली होती. सुमारे हजार-हजार धूम्रपान करणाऱ्यांवर दोन चाचण्या झाल्या आणि 2011 मध्ये निकाल आला. वर्षभरानं लस घेतलेले जेवढे सुटले, तेवढेच नुसतं पाणी टोचलेलेही सुटले, दोन्हीकडे शंभरातले अकराच्या आसपास.

कारण हिशेबातच आहे. निकोटीनचा रेणू इतका लहान की शरीर त्याला ओळखतच नाही. म्हणून तो एका मोठ्या प्रथिनाला चिकटवून टोचतात, मग अँटीबॉडी तयार होतात. त्या रक्तातच निकोटीनला धरतात, आणि एवढा मोठा जोड मेंदूत शिरू शकत नाही. पण एक अँटीबॉडी निकोटीनच्या नऊशेपट जड असते आणि दोनच रेणू धरते. म्हणजे 1 मिलिग्रॅम निकोटीन अडवायला साडेचारशे मिलिग्रॅमहून जास्त अँटीबॉडी लागतात. एका सिगरेटमधून साधारण तेवढंच निकोटीन शरीरात जातं. तुमचा भाऊ तासभर खर्रा गालात धरतो, दिवसातून सात वेळा.

वणीकर: पण ज्यांच्या अंगात अँटीबॉडी जास्त झाल्या, त्यांची तंबाखू जास्त सुटली असंही वाचलं. मग लस चुकीची कशी? ती अजून जोरदार करायला हवी.

अमरावतीची फार्माकॉलॉजीवाली: आधीच्या चाचणीत तसं दिसलं होतं, म्हणून तर मोठी चाचणी केली. अडचण ही की कोणाच्या अंगात किती तयार होतील, हे आधी सांगता येत नाही. आणि वेळेवर खर्रा मिळाला नाही की होणारी तडफड लस कमी करत नाही. उलट कैफ चढेना म्हणून माणूस जास्त खाऊ शकतो. संशोधन चालू राहावं, पण त्याच्या भरवशावर भावाला थांबवू नका.

आर्णीचा शेतकरी: बाई, मले एक सांगा, शाळेतल्या पोरीयले कॅन्सरची लस देतात, तेच लावलं त नाही चालत काय?

अमरावतीची फार्माकॉलॉजीवाली: नाही काका. ती एचपीव्ही नावाच्या विषाणूची लस आहे. तंबाखूच्या सवयीशी तिचा संबंध नाही.

चिमूरचा मेडिकलवाला: लस सोडा. सायटिसिन नावाची झाडापासूनची गोळी आली आहे, तिनं हमखास सुटते. झाडाची असल्यानं त्रासही नाही.

अमरावतीची फार्माकॉलॉजीवाली: अर्धं खरं आहे भाऊ. ती मेंदूत निकोटीनच्याच जागी बसते, पण हलकीच चालना देते, म्हणून तलफ उतरते. बल्गेरियात 1964 पासून वापरात आहे, ब्रिटनमध्ये 2024 पासून मिळते. अमेरिकेत 810 जणांवर चाचणी झाली, दिवसाला तीन वेळा 3 मिलिग्रॅम. बारा आठवडे घेणाऱ्यांपैकी सहाव्या महिन्यात शंभरातले 21 सुटलेले होते, खोट्या गोळीवाले 5. तिथं परवानगीसाठीचा अर्ज 2025 मध्ये गेला. लसीपेक्षा हे कितीतरी जवळ आहे, पण शंभरातले 79 राहिलेच ना? आणि झाडाची म्हणून निर्धोक मानू नका, ज्या झाडाच्या बियांतून ती काढतात ते विषारी आहे. शिवाय ही चाचणी सिगरेटवाल्यांवर झाली. खर्र्यात सुपारीही असते, तिची वेगळी तलफ लागते. तिच्यावर ही गोळी किती चालेल, हे मी छातीठोक सांगणार नाही.

आशाताई, गडचिरोली: मी रोज घरोघरी जाते. माझ्या नवऱ्यानं 2 मिलिग्रॅमचं निकोटीन गम आणलं आणि खर्र्यासारखं जोरात चघळलं. घशात जळजळ, उचकी लागली, दोन दिवसांत फेकलं. नंतर डॉक्टरांनी शिकवलं: झिणझिणी येईपर्यंत हळू चावायचं, मग गालात ठेवून द्यायचं, त्याआधी पंधरा मिनिटं चहासुद्धा नाही. तेव्हा कुठं बसलं. वणीचे दादा, लस कधी येणार ते राहू द्या, सुपारीनं तोंड आखडतं, भावाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात का बघा.

वणीकर: आत्ता बघितलं ताई. दोनच जातात, तीही ओढून. तिखट लागलं की तोंड जळतं म्हणतो.

आशाताई, गडचिरोली: मग तोंड आखडलंय, गम त्याला जमणार नाही, अंगावर लावायची निकोटीनची पट्टी लागेल. पण आधी दातांच्या डॉक्टरकडे न्या, याच आठवड्यात. आणि सुपारी आजच बंद.

वणीकर: सोमवारी नेतो. लसीवर पैसा लागलाच पाहिजे, हे मात्र मी सोडत नाही.